ओल्या मातीत सुकलेलं वांगं: कुंडीतल्या हुमणीचं एक प्रकरण

अनंत चतुर्दशीला गणपती पोचवून झाले आणि लगेच पावसाने उघडीप दिली. चार दिवस कडक ऊन पडलं. पाचव्या दिवशी सकाळी काकींचा फोन आला. काकींचं घर वेंगुर्ल्याजवळच्या वाडीत, माझ्या रोपवाटिकेपासून चालत दहा मिनिटांवर. खळ्याच्या कडेला नऊ ग्रो बॅगांमध्ये त्यांनी वांगी लावली होती, रोपं माझ्याकडचीच. "काल सांजपर्यंत बरा होता रे झाड, आज बघ कसा झाला ता. पाणी कमी पडला म्हणान दोन तांबे जास्तीच घातलंय."

जाऊन पाहिलं, तर पडवीकडून दुसऱ्या बॅगेतल्या वांग्याने पूर्ण मान टाकली होती. पानं हिरवीगार, एकही पिवळं नाही, डाग नाही, उलटून पाहिलं तर पांढरी माशी किंवा तुडतुडेही नाहीत. मुठीएवढी चार वांगी लटकत होती. बाकीची आठ झाडं ताठ उभी. मातीत बोट घातलं तर दुसऱ्या पेरापर्यंत ओल लागली. म्हणजे झाड तहानेने सुकत होतं, पण माती कोरडी नव्हती. पाणी मुळापर्यंत पोचत होतं, मुळापासून वर जात नव्हतं. अशा वेळी आणखी पाणी ओतणं हा सगळ्यात सहज होणारा आणि सगळ्यात वाईट उपाय असतो. जी मुळं उरली असतील त्यांचाही श्वास त्याने कोंडतो.

कोकणात वांगं असं उभ्या उभ्या सुकलं की पहिला संशय मर रोगावर जातो, आणि तो बरोबरच आहे. आपल्या आम्लधर्मी जांभ्याच्या मातीत आणि पावसाळी उबेत जिवाणूजन्य मर वांगी, टोमॅटो, मिरचीला फार लागते. त्यातही पानं हिरवी असतानाच झाड मान टाकतं. दुसरा संशय मूळकुजीचा. ग्रो बॅगेची खालची भोकं बुजली आणि पावसाचं पाणी साचलं की मुळं कुजतात. तिसरा संशय हुमणीचा, म्हणजे मातीत राहून मुळं खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीचा. हे तिघं वरून इतके सारखे दिसतात की पानं पाहून निवाडा करणं खरंच शक्य नसतं. निवाडा केल्याशिवाय हात लावायचा नाही याचं कारण असं की तिन्हींचा पुढचा रस्ता वेगळा आहे. मर रोग असेल तर झाड आणि माती दोन्ही घरापासून दूर टाकावी लागतात. हुमणी असेल तर माती टाकायची काहीच गरज नाही, ती निवडून घेतली की झालं.

मी आधी बुंधा दोन बोटांत धरून हलकेच हलवला. मर रोगाचं झाड सुकलेलं असलं तरी मातीला घट्ट धरून असतं, कारण त्याची मुळं जागेवर असतात, फक्त आतल्या नळ्या तुंबलेल्या असतात. हे झाड मात्र सैल मातीत खोचलेल्या काठीसारखं डुगडुगलं. किंचित वर ओढलं तर जवळजवळ विनासायास हातात आलं. काकी बाजूलाच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "ह्येका मुळांच नाय रे!"

खरोखरच नव्हती. तीन महिन्यांच्या वांग्याला बॅगभर जाळं असायला हवं होतं. इथे अंगठ्याएवढा सोटमुळाचा खुंट आणि चार-पाच तुटक्या फांद्या एवढंच उरलं होतं. मूळकुजीत मुळं तपकिरी होतात, साल चिमटीत ओढली की सुटून येते, आत दोऱ्यासारखी शीर राहते आणि मातीला घाण वास येतो. इथे वास नव्हता. उरलेल्या तुकड्यांची टोकं कुरतडलेली होती आणि आतलं लाकूड पांढरं, ताजं होतं. खुंटाची साल मातीच्या पातळीखाली सगळ्या बाजूंनी खरवडून खाल्लेली होती.

तरी मर रोगाचा संशय पूर्ण फेडावा म्हणून एक गोष्ट केली. बुंध्याचा बोटभर तुकडा धारदार सुरीने कापला आणि स्वच्छ पाण्याच्या काचेच्या पेल्यात त्याचं टोक बुडेल असा धरला. मर रोग असेल तर काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखा पांढुरका धागा खाली सुटतो. पाच मिनिटं धरला, पाणी निवळ राहिलं. आता माती उपसायला हरकत नव्हती.

सावलीत जुनी ताडपत्री पसरून अख्खी बॅग तिच्यावर रिकामी केली. अठरा इंची बॅग होती. मूठ मूठ माती बाजूला करत गेलो, तशा नऊ अळ्या निघाल्या. बहुतेक मुळाच्या गोळ्याच्या आसपास, वीतभर खोलीच्या आतच. मळकट पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या, डोकं तांबूस तपकिरी, पुढे सहा पाय, आणि शेपटीकडचा भाग काळसर निळा. तो रंग कातडीचा नसतो, आतली माती-विष्ठा पातळ कातडीतून दिसते. लांबी करंगळीच्या दोन पेरांएवढी.

काकींनी त्या पाहिल्या आणि म्हणाल्या, "ही तर गायरीत असतत तीच." गायरी म्हणजे शेणखताचा खड्डा. अर्ध्या वाडीचा हाच समज आहे, आणि तो अर्धा खरा आहे. शेणखतात सापडणारी प्रत्येक पांढरी अळी मुळं खात नाही. म्हणून नऊच्या नऊ अळ्या पडवीच्या गुळगुळीत लादीवर सोडल्या आणि वाट पाहिली. सात अळ्या कुशीवर वाकून पडल्या आणि पायांनी स्वतःला कसंबसं ओढू लागल्या. उरलेल्या दोन मात्र पाठीवर उलट्या झाल्या, पाय आभाळाकडे, आणि पाठीच्या आकुंचनानेच चांगल्या वेगाने सरपटत निघाल्या. पाठीवर चालणाऱ्या या अळ्या फुलांवर येणाऱ्या भुंगेऱ्यांच्या. त्या कुजलेला पालापाचोळा, शेण खातात आणि त्यांच्या विष्ठेने खत उलट चांगलं होतं. मुळं खाणारी हुमणी ती पहिली सात. या परीक्षेला भिंगही लागत नाही, साधी लादी पुरते. तरी फार थोडे लोक ती करतात आणि दिसेल ती अळी चिरडतात.

शेणखतात आणखी एक तिसरी असते. तीही पांढरीच, पण पूर्ण वाढली की अंगठ्याहून जाड. ती गेंड्या भुंग्याची. तीही मुळं खात नाही, पण तिचा भुंगा माडाचा कोवळा कोंब पोखरतो. म्हणून नारळाच्या बागेशेजारी राहणाऱ्याने तिच्यावर दया करू नये. काकींच्या बॅगेत ती नव्हती, गायरीत मात्र पुढे चार सापडल्या.

आता प्रश्न असा की झाड एका रात्रीत कसं सुकलं? सात अळ्यांनी रात्रीत बॅगभर मुळं खाल्ली नाहीत. या नुकसानीचा हिशेब जूनपासूनचा आहे. पावसाच्या पहिल्या सरींबरोबर हुमणीचे भुंगेरे मातीतून बाहेर पडतात, तिन्हीसांजेला उडतात, मीलन झालं की मादी ओल्या, भुसभुशीत मातीत अंडी घालते. साधारण दोन आठवड्यांत अंडी फुटतात. पहिल्या अवस्थेतली अळी तांदळाच्या दाण्यापेक्षा फारशी मोठी नसते आणि मुख्यतः कुजलेलं सेंद्रिय द्रव्य व बारीक तंतुमुळं खाते. दुसऱ्या अवस्थेत ती मुळांवर येते आणि तिसऱ्या अवस्थेत खरी अधाशी होते. जूनच्या मध्यावरची अंडी धरली तर तिसरी अवस्था सप्टेंबरमध्येच येते.

म्हणजे श्रावणापासून मुळं तुटतच होती. पण आपल्याकडच्या श्रावणात आभाळ झाकलेलं, हवा ओली, पानांतून पाणी उडतच नाही म्हणा ना. चौथाई मुळांवरही झाड ताठ उभं राहतं, वांगी धरतं. उघडीप पडून ऊन तापलं की पानं एकदम पाणी मागू लागतात आणि खाली द्यायला काही नसतं. हुमणी गणपतीनंतर लागते असं लोक म्हणतात ते यामुळे. ती तेव्हा लागत नाही, तेव्हा दिसते. नीट विचारल्यावर काकींनाही आठवलं की गेले दोन दिवस झाड दुपारी जरा मलूल व्हायचं आणि संध्याकाळी सावरायचं. घरात पाहुण्यांची गर्दी, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. दुपारी मलूल आणि संध्याकाळी ताजं, तेही माती ओली असताना, हीच ती वेळ असते जेव्हा झाड वाचवता येतं.

हे झाड वाचलं नाही. तेही मला खुंट पाहूनच कळलं होतं, तरी काकींच्या समाधानासाठी लावून पाहिलं आणि सहाव्या दिवशी ते काळं पडलं. माझा ठोकताळा असा की जमिनीखालची साल सगळ्या बाजूंनी खाल्लेली असेल तर धडपड करू नये. साल एका बाजूने तरी शाबूत असेल आणि दोन-चार आडवी मुळं उरली असतील, तर आशा आहे.

मग बाकीच्या आठ झाडांकडे वळलो. एकेक बुंधा हलवून पाहिला. पडवीजवळची पहिली आणि पलीकडची तिसरी बॅग, या दोन्हींतली झाडं वरून निरोगी दिसत असूनही थोडी डुगडुगली. त्या दोन्ही बॅगा रिकाम्या केल्या. पहिलीत चार हुमण्या निघाल्या, तिसरीत तीन. मुळं निम्मी-अर्धी शिल्लक होती, साल शाबूत.

ही दोन झाडं कशी वाचवली ते सविस्तर सांगतो, कारण इथेच बहुतेक जण चुकतात. मुळं निम्मी झाली की वरचं झाडही निम्मं करावं लागतं. काकींचा जीव तुटला, पण लागलेली सगळी वांगी आणि फुलं काढली, फांद्या निम्म्यावर छाटल्या, मोठी पानं उतरवली. मुळं बादलीतल्या पाण्यात हलकेच धुतली, म्हणजे मातीत दडलेली एखादी बारीक अळी राहू नये. मग तीच माती चाळणीने चाळून, निवडून, त्याच बॅगांत परत भरली आणि झाडं आधी होती तेवढ्याच खोलीवर लावली. शेजारी काठी रोवून सैल बांधली. एकदा पाणी दिलं ते माती बसण्यापुरतं. दहा दिवस बॅगा पडवीच्या सावलीत ठेवल्या आणि वरची माती बोटाला कोरडी लागल्याशिवाय पाणी द्यायचं नाही असं बजावलं. बाराव्या दिवशी पहिल्या झाडाला पानांच्या बेचक्यांतून नवे कोंब दिसले. तिसरीतल्या झाडाला आणखी आठवडा लागला. खत मी मुद्दाम दिलं नाही. मुळंच नसताना खत घातलं तर ते मातीत साचतं आणि उरल्यासुरल्या मुळांना जाळतं.

चौथ्यापासून नवव्यापर्यंतच्या सहा बॅगा घट्ट होत्या. फळावर आलेली झाडं उगीच उपटणं मला पटेना. म्हणून प्रत्येक बॅगेत एका कडेने हातभर लांब, वीतभर खोल चर उकरून पाहिला. तीन बॅगांत पाठीवर चालणाऱ्या अळ्या मिळाल्या, हुमणी एकाही बॅगेत नाही.

इथे काकींचा नातू मांगरातून एक जुनं पाकीट घेऊन आला. फोरेटचे दाणे. पूर्वी ऊस-सुपारीत हे सर्रास टाकत. मी ते उघडूही दिलं नाही. अतिशय जहाल विष आहे ते, आणि ३१ डिसेंबर २०२० नंतर देशात त्याचा वापरच बंद झालेला आहे. पण बंदी नसती तरी अंगणातल्या खाण्याच्या वांग्याला, जिथे कोंबड्या माती उकरतात आणि पोरं खेळतात, तिथे हे दाणे टाकायचे नाहीत. शेतात हजारो झाडांखालची माती निवडता येत नाही म्हणून औषधाचा विचार करावा लागतो. बॅग मात्र अर्ध्या तासात ताडपत्रीवर ओतता येते. हाताने वेचण्याइतका खात्रीचा उपाय कुंडीला दुसरा नाही.

त्या सहा बॅगांत मी मेटारायझियम दिलं. ही हुमणीवर वाढणारी बुरशी, भुकटी किंवा द्रवरूपात कृषी सेवा केंद्रात मिळते. विकत घेताना पाकिटावरची मुदत पाहावी, कारण आत जिवंत बीजाणू असतात आणि उन्हात ठेवलेलं पाकीट मेलेलं असू शकतं. पाकिटावर सांगितलेल्या प्रमाणात पाण्यात मिसळून, संध्याकाळी, मातीवर वरवर नाही तर उकरलेल्या चरात ओतलं आणि माती परत लोटली. बुरशी अळीच्या अंगाला लागली तरच काम करते, पोटातून नाही. पुढचे दोन-तीन आठवडे माती ओलसर राहिली पाहिजे, आणि त्या काळात बुरशीनाशक त्या बॅगेत जाता कामा नये. मोठ्या अळीवर तिचा परिणाम सावकाश होतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये, अळ्या लहान असताना दिली तर जास्त उपयोग. सप्टेंबरअखेरचा हा डोस मी उपाय म्हणून नाही, राखण म्हणून दिला होता.

तीन आठवड्यांनी सहावी बॅग सहज उकरली तर एक हुमणी मिळाली. कडक, पेन्सिलीच्या तुकड्यासारखी, आणि अंगभर शेवाळी हिरवी भुकटी. बुरशीने काम केलं याचा आनंद झालाच. पण चर उकरून मी जी बॅग निर्दोष ठरवली होती, तिच्यात हुमणी होती हेही त्यातून कळलं. एका कडेचा चर म्हणजे पूर्ण तपासणी नव्हे.

आता हुमणी आली कुठून? काकींचं मत शेणखतातून. सगळ्या बॅगा मेअखेर एकाच गायरीतल्या अर्धवट कुजलेल्या शेणखताने भरल्या होत्या. पाठीवर चालणाऱ्या अळ्या त्या खतातून आल्या हे मलाही मान्य, म्हणून तर त्या इकडेतिकडे अनेक बॅगांत होत्या. पण हुमणीचं चक्र साधारण वर्षाचं. मेअखेर ती मातीत कोष किंवा भुंगेरा झालेली असते, तेव्हा खतातून अळी येणं कठीण. आणि चौदा जिवंत हुमण्यांपैकी चौदाही पहिल्या तीन बॅगांत होत्या. त्यांच्याच वर पडवीचा दिवा. जूनमध्ये तो रात्री दहापर्यंत जळत असे, आणि भुंगेरे त्यावर आपटत असत, हे काकींनीच सांगितलं. रोपं जूनच्या तिसऱ्या आठवड्यात लावली, म्हणजे त्याआधी बॅगांत नुसती ओली, भुसभुशीत, मोकळी माती होती. मादीला याहून सोयीची जागा ती कोणती. सहाव्या बॅगेतली पंधरावी दिव्यापासून लांब होती, म्हणून सगळा दोष दिव्यावर घालता येत नाही. पण जास्तीचा त्याच्यावर मी घालतो.

याच भेटीत काकींनी मुळ्याचा एक क्रेट दाखवला. रोपं जमिनीलगत कापून आडवी पडलेली. तीही हुमणीच का, असं त्यांनी विचारलं. नाही. हुमणी खालून मुळं खाते, झाड उभ्या उभ्या सुकतं. रोप मातीच्या पातळीवर कात्रीने कापल्यासारखं पडलं असेल तर ती रोपं कुरतडणारी अळी, म्हणजे पतंगाची अळी. ती रात्री खाते, दिवसा तिथेच मातीत दडते. पडलेल्या रोपाभोवती बोटाच्या एका पेराएवढी माती उकरली, तर राखाडी, तेलकट दिसणारी एक अळी वेटोळं करून पडलेली सापडली. तिला पोटाखालीही मांसल पाय असतात, हुमणीला नसतात. तिच्यासाठी वेचणी आणि रोपाभोवती वर्तमानपत्राची दोन बोटं उंच पट्टी, एवढं पुरतं. रोपाचा देठ जाडसर झाला की तिचा धोका आपोआप कमी होतो.

फेब्रुवारीत वांगी संपल्यावर काकींनी नऊही बॅगा ओतून माती चाळली आणि मे महिन्यात ती खळ्यात बोटभर थराने पसरली. दोन दिवस कोंबड्या आणि साळुंक्या तिच्यावर होत्या. पहिला पाऊस पडल्यापासून चार आठवडे पडवीचा दिवा तिन्हीसांजेनंतर बंद ठेवायचं ठरलं. बॅगांच्या तोंडावर जुन्या मच्छरदाणीचे तुकडे सुतळीने आवळले, रोप लावताना मधोमध कापून बुंध्याभोवती पुन्हा बांधले. जुलैच्या शेवटी मी जाऊन एक बॅग ओतून पाहिली. पाठीवर चालणाऱ्या तीन मिळाल्या, आणि मच्छरदाणीची गाठ सुटलेल्या कडेला तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, कुशीवर पडणारी एक. उरलेल्या आठही बॅगांच्या गाठी काकींनी त्याच संध्याकाळी तपासल्या.